पहिल्या चुंबनानंतर तिला काय लिहू?

ताई, मी २७ वर्षांचा, मूळचा औसा तालुक्यातला. वाळूजला कंपनीत कामाला आहे. ती २६ वर्षांची, परभणीची, इथं संभाजीनगरला बँकेत आहे. सात-आठ महिन्यांपासून ओळख. काल रविवारी दोघं दौलताबादच्या किल्ल्यावर गेलो होतो. उतरताना बारादरीपाशी कुणी नव्हतं, तिथं पहिल्यांदा किस केलं. दोघांच्याही मनानं झालं. नंतर ती हसली अन् म्हणाली, ‘चल, गाडी चुकंल माझी.’ संध्याकाळच्या गाडीनं ती परभणीला गेली, भावाचा साखरपुडा आहे, चार दिवस तिकडंच. रात्री तिचा ‘पोचले’ असा मेसेज आला. मला काय लिहावं सुधरंना, नुसता अंगठा पाठवला. आता हा मेसेज लिहून ठेवलाय: ‘जान, काल जे झालं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर होतं. आता तू माझी झालीस. रात्रभर झोप नाही. तुलाही तसंच वाटलं ना? काही चुकलं असंल तर सॉरी. आलीस की माझ्या रूमवर भेटू, पार्टनर गावाकडं गेलाय. साखरपुड्यात तुझ्या आईला आपलं सांगशील का?’ मित्र म्हणतो तीन दिवस काहीच पाठवू नको, भाव राहतो. पाठवू का नको?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

पाठव. आजच पाठव, पण हा नाही.

आधी त्या मित्राचं बघू. तीन दिवस गप्प बसल्यानं तुझा भाव वाढणार नाही. ती मात्र ते तीन दिवस पाहुण्यांनी भरलेल्या घरात, कुणाशी बोलता येत नाही अशा अवस्थेत काढणार. आपल्याकडच्या मुलीच्या डोक्यात अशा वेळी दोन गोष्टी येतात. ह्याला पाहिजे होतं ते मिळालं, आता हा बदलला का? आणि ह्यानं कुणाला सांगितलं तर नाही ना? पहिलीचं उत्तर तुझा मेसेज देईल. दुसरीबद्दल एवढंच सांगते, की मित्राला तू सांगून बसलायस, आता ते तिथंच थांबव. त्याला आज स्वच्छ सांग की हा विषय पुन्हा काढायचा नाही, तिच्यासमोर तर नाहीच. गावं लहान आहेत आपली. परभणीचा कुणाचा तरी आतेभाऊ वाळूजला असतोच.

तो अंगठा मला खटकला. मुद्दाम केलं नाहीस, पण ती तीन-साडेतीन तास गाडीत बसून, जालना, परतूर, सेलू असं एकेक स्टेशन मागं टाकत, कालच्या दिवसाचाच विचार करत गेली असणार. घरी गेल्या गेल्या तिनं आपणहून कळवलं. त्या ‘पोचले’त ‘मी ठीक आहे, तू?’ एवढं सगळं होतं, आणि त्यावर तू अंगठा दिलास. म्हणून आजचा मेसेज तिच्या त्या मेसेजला उत्तर म्हणूनच जाऊ दे. नव्यानं काही घोषणा करतोयस असं वाटता कामा नये.

आता तुझा कच्चा मेसेज घेऊ. त्यात खरी ओळ एकच आहे, काल छान वाटलं ही. बाकी सगळं एकतर तिच्या मनातलं आहे नाहीतर पुढच्या दिवसांतलं, आणि ह्या दोन्ही जागा तुझ्या एकट्याच्या नाहीत.

‘आता तू माझी झालीस’ हे तू प्रेमानं लिहिलंयस, मला कळतं. पण वाचणाऱ्याला ते निकाल लागल्यासारखं वाटतं. काल तिनं एका क्षणाला हो म्हटलं. त्याचा अर्थ काय लावायचा ते तिचं तिला अजून ठरवायचं असेल, आणि तू तिच्याआधी ठरवून मोकळा झालास. ‘जान’चंही तसंच. सात-आठ महिन्यांत तिला ह्या नावानं एकदाही हाक मारली नसशील, तर आजपासून अचानक नको. ज्या नावानं कालपर्यंत बोलावत होतास, त्याच नावानं बोलाव. त्यातच तिला कळेल की माणूस तोच आहे.

‘तुलाही तसंच वाटलं ना?’ ह्या प्रश्नाला नाही म्हणायची सोयच नाही. तिला थोडं आवडलं असेल आणि थोडी भीती वाटली असेल, तर हे दोन्ही एका ओळीत लिहायचं कसं? मग ती ‘हो’ लिहून टाकेल, आणि त्या ‘हो’वर तू पुढची इमारत बांधशील. ‘रात्रभर झोप नाही’ ह्यानं तुझ्या झोपेची जबाबदारी तिच्यावर जाते. आणि सॉरी कशाबद्दल? तूच लिहितोस की दोघांच्या मनानं झालं, ती हसली. अशा गोष्टीची माफी मागितलीस, तर तिला वाटेल की काहीतरी चुकीचंच घडलं आणि त्यात आपणही होतो. एखादी ठराविक गोष्ट चुकली असती, ती मागं सरकली असती आणि तू थांबला नसतास, तर माफी हवीच होती, आणि तीही समोरासमोर. इथं तसं काही दिसत नाही.

रूमच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त थांबले. तुझ्या मनात वाईट नसेलही. पण चुंबनानंतरच्या पहिल्याच मेसेजात रिकामी खोली आली, की आधीचं सगळं गोड बोलणं त्या खोलीकडं नेणारं वाटायला लागतं. किल्ल्यावर जे झालं ते तेवढंच होतं. त्यात खोलीचा होकार नव्हता, परत चुंबन घ्यायचाही नव्हता. तो प्रत्येक वेळी नव्यानं मिळतो, आणि तिला सहज ‘नको’ म्हणता येईल अशा जागी मिळाला तरच तो खरा. ती परत आली की पहिली भेट चहाच्या टपरीवर, चार माणसांत असू दे. ठिकाण तिला ठरवू दे.

आईला सांगायचं तर आता काढूच नकोस. साखरपुडा भावाचा आहे. घरात मामा-मावश्या जमलेल्या, ‘आता हिचं कधी?’ हा प्रश्न दर तासाला तिच्यापुढं येत असणार. तिकडून तो प्रश्न, इकडून तू.

त्या घराचाच अजून एक मुद्दा आहे, तो तुझ्या ध्यानात आलेला दिसत नाही. असल्या कार्यात फोन कुणाच्या एकाच्या हातात राहत नाही. फोटो काढायला चुलत बहीण घेते, गाणी लावायला भाचा घेतो, चार्जिंगला लावला तर तो दिवाणखान्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. मेसेज आला की स्क्रीन बंद असली तरी तुझं नाव आणि पहिली ओळ वर झळकते, बहुतेकांच्या फोनची सेटिंग तशीच असते. ‘जान, काल जे झालं ते’ एवढंच तिच्या काकूनं वाचलं तरी पुढचे चार दिवस तिचे काय होतील ते तूच बघ. आणि घाबरून तू ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलंस, तर मेसेज काढून टाकल्याची खूण तिथं राहतेच. लपवलं म्हणून उलट जास्त विचारणा होते. म्हणून मेसेज असा हवा की दुसऱ्यानं वाचला तर त्याला मैत्रीतला साधा निरोप वाटेल आणि तिनं वाचला तर तिला सगळं कळेल. रात्री साडेअकराला पाठवू नकोस. संध्याकाळी सहा-साताला बरं.

मग लिहायचं काय? कालच्या दिवसातली एक अशी गोष्ट घे जी फक्त तुम्हा दोघांना ठाऊक आहे. ‘आयुष्यातलं सगळ्यात सुंदर’ कुणीही कुणालाही लिहू शकतं. पण वर जाताना तुम्ही त्या अंधारीतून गेला असाल. गाईडची मशाल, पायाखाली न दिसणाऱ्या पायऱ्या, वटवाघळांचा वास. तिथं कोण घाबरलं, कोण पुढं झालं? का खाली उतरल्यावर तिखट-मीठ लावलेला पेरू खाताना काही झालं? मला माहीत नाही, तुला माहीत आहे. मी एक नमुना देते, त्यातला तपशील तुझा घाल:

‘काल नुसता अंगठा पाठवला, काय लिहावं तेच सुधरंना गेलं होतं. किल्ल्यावरचा दिवस लई छान गेला माझा. अंधारीत तू माझ्या पुढं निघालीस, ते आठवून आज कामावर पण हसू येत होतं. आणि उतरताना बारादरीपाशी थांबलो, ते तर फारच आवडलं मला. आता भावाच्या साखरपुड्यात मनसोक्त मिरव.’

एवढंच. बारादरीच्या ओळीत सगळं आलं, आणि तिच्या काकूला त्यात फक्त किल्ला दिसेल. ‘मला’ आवडलं एवढंच म्हटलंय, तिला काय वाटलं ते तिच्याकडंच ठेवलंय. शेवटी प्रश्नचिन्ह नाही, त्यामुळं उत्तर द्यायलाच पाहिजे असं ओझं नाही. ‘उत्तराची घाई नाही’ हे वाक्यही मी मुद्दाम घातलं नाही, कारण ते वाचलं की आधी उत्तरच आठवतं. आणि तुम्ही दोघं जसं बोलता तसंच लिही. हिंदी शायरी फॉरवर्ड करू नकोस, ती तुझी नाही हे तिला लगेच कळेल.

पाठवलंस की फोन खिशात घाल. दोन निळ्या टिका आल्या आणि उत्तर नाही, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की ती पुरणाच्या पातेल्यापाशी उभी आहे. ‘वाचलंस ना?’ असं विचारू नकोस, नुसतं प्रश्नचिन्हही नको. साखरपुड्याच्या दिवशी एखादा साधा मेसेज टाक, कार्यक्रम नीट पार पडू दे म्हणून. त्याच्या पलीकडं नाही.

उत्तर आलं तर ते कसं आलंय ते बघ. तिनं बारादरी आपणहून पुन्हा काढली, त्यावर काही लिहिलं, किंवा परतीची तारीख न विचारता सांगितली, तर तिला बोलायचं आहे, मग तूही मोकळेपणानं बोल. ती फक्त साखरपुड्याचे फोटो पाठवत राहिली, तर तूही फोटोंवरच बोल. ती टाळतेय असा निष्कर्ष काढू नकोस, घरात बसून ह्याहून जास्त लिहिता येत नसेल. नात्याला नाव काय द्यायचं, घरी कधी सांगायचं, हे ती आल्यावर समोर बसून, एकदा, साध्या शब्दांत विचार. तेव्हा तिला ‘अजून माहीत नाही’ म्हणता येऊ दे, आणि ती तसं म्हणाली तर चहा संपवून दुसऱ्या विषयावर ये.

आणि तिनं ‘ते व्हायला नको होतं’ असं लिहिलं, तर का, कसं, मग हसलीस कशाला, ह्यातलं काहीही विचारू नकोस. त्याला उत्तर एवढंच: ‘बरं. सांगितलंस ते चांगलं केलंस. तुला वाटेल तेव्हा बोलू, नाही वाटलं तरी चालेल.’ त्याच्यानंतरचा मेसेज तिच्याकडून येऊ दे.

— ताई