शेजाऱ्यांना 'बचावले' की 'वाचवले'?

प्रश्न: "पुरात अडकलेल्या शेजाऱ्यांना गावकऱ्यांनी बाहेर काढले, त्यावर आमच्या मंडळासाठी पोवाडा रचतो आहे. 'गावकऱ्यांनी शेजाऱ्यांना बचावले' ही ओळ बरोबर आहे का? डफावर म्हणताना ती पडते असे वाटते. शिवाय एक जण म्हणाला, लढाई नाही तर पोवाडा कसला?"

'बचावले' काढून टाका. दर पावसाळ्यात मुठेला पाणी सोडले की पुण्यात हा शब्द कानावर आदळू लागतो: दहा जणांना बचावले, आजींना बचावले, कुत्र्यालाही बचावले. आज आपल्या बोलण्यात 'बचावणे' अकर्मक आहे. तो बचावला, ती थोडक्यात बचावली, इथपर्यंत ठीक. दुसऱ्याला संकटातून काढतो तो 'वाचवतो'. कोणी एखाद्या जुन्या कोशातली सकर्मक नोंद पुढे करील. करू दे. बुडणारा माणूस 'वाचवा, वाचवा' असेच ओरडतो. 'बचावा' म्हणून ओरडलेला मराठी माणूस मला दाखवा, मग कोशाचे बोलू. 'बचाव करणे'ही इथे चालणार नाही, कारण मराठीत ते कोर्टात आरोपीसाठी किंवा वादात स्वतःसाठी करतात.

शब्दाचा चेहराच सांगतो की तो हिंदीकडून आला. जिथे आपला 'व' तिथे हिंदीचा 'ब': वाघ-बाघ, वीस-बीस, वाट-बाट. तसेच वाचणे आणि बचना. एकाच घरातले दोन भाऊ, पण घरी राहिलेला आपला आहे.

आता हे घर कोणाचे ते पाहा, कारण खरी गंमत इथे आहे. 'वाचणे' म्हणजे जगणे हे 'वाचा'वरून आले, ज्याची वाचा शाबूत तो वाचला, असे सांगणारे विद्वान मला भेटले आहेत. ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे आणि साफ चूक आहे. 1962च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढण्यापूर्वी पुस्तक 'वाचत' असत आणि जीव 'वांचत' असे. तो अनुस्वार उगाच नव्हता. दंतचा दांत झाला, पंचचा पांच झाला, तसा 'वंच्'चा 'वांच' झाला. वाचेत अनुस्वार कुठून आणणार?

आणि हा 'वंच्' म्हणजे वंचनेतलाच. फसवण्याचा आणि जगण्याचा काय संबंध, असे वाटेल. पाणिनीचे एक सूत्र आहे, 1.3.69. फसवणे असा अर्थ असेल तर 'वञ्चयते' असे आत्मनेपद, म्हणजे 'ते'ने संपणारे रूप होते, एवढेच ते सांगते. पाणिनीच्या सूत्रांवरच्या काशिका या टीकेत त्यावर उलट उदाहरण दिले आहे: 'अहिं वञ्चयति', म्हणजे सापाला टाळतो, चुकवतो. तिथे फसवणूक नाही, म्हणून आत्मनेपदही नाही. साप अंगावर येतो, माणूस अंग चोरून बाजूला होतो, साप निघून जातो. 'वाचला' या शब्दात ही हालचाल अजून जिवंत आहे. जो वाचला त्याने मरण चुकवले. माझ्या मते 'तुझ्यावाचून'मधला 'वाचून'ही हाच आहे, तुला चुकवून, तुला बाजूला ठेवून. हे मी कितीतरी जणांना ऐकवले आहे. काही मान हलवतात, काही हात हलवतात, पण जुने 'वांचून' हे रूप समोर ठेवले की वाद घालणाऱ्यांचा आवाज खाली येतो.

तुमची ओळ का पडते, तेही शब्दाशी जोडलेलेच आहे. 'बचावले'च्या जागी 'वाचवले' घातले तर शब्द शुद्ध होईल, ओळ तरीही पडेल. 'गावकऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचवले' हा भावे प्रयोग आहे. कर्त्याला 'नी' लागला, कर्माला 'ना' लागला आणि क्रियापद कोणाकडेच न बघता नपुंसकलिंगी एकवचनात उभे राहिले. पराक्रम ज्याचा, त्याच्याशी क्रियापदाचे नाते उरले नाही. बातमीला हे चालते. पोवाड्यात वीर कर्ताच राहिला पाहिजे आणि क्रियापदाने त्याच्याच लिंगवचनाने बोलले पाहिजे.

म्हणून चढाची सुरुवात अकर्मक क्रियापदांनी करा. पहिला चौक सावकाश, नदीचा, माणसे अजून आलेली नाहीत:

श्रावणाची काळी रात, नदी फुगली काठोकाठ,
वेस बुडाली, पार बुडाला, बुडाली गावची वाट.

मग माणसे आणा. एकच क्रियापद पुन्हा पुन्हा आपटा:

कोळी धावला दोर घेऊन, पैलवान धावला मागं,
गुरव धावला काहील घेऊन, गाव झालं जागं.

(काहील म्हणजे गुऱ्हाळात रस आटवतात ती मोठी कढई. कोल्हापूर-सांगलीकडे पुराच्या पाण्यात लोक तिची नाव करतात. 'बोट आली' म्हणण्यापेक्षा काहील आणा, ऐकणाऱ्याला गाव दिसेल.)

आता दुगण, म्हणजे दुप्पट लय. इथे काढणे, ओढणे ही सकर्मक क्रियापदे लागणार आणि 'त्याने ओढले' म्हटले की पुन्हा 'ने' चिकटणार. शाहिरांनी यावर जुनीच वाट धरली आहे: धरी, ओढी, टाकी, काढी. या रूपांत क्रियापद सकर्मक असूनही कर्त्याला 'ने' लागत नाही. वर प्रत्येक रूप दोन अक्षरांचे, म्हणजे डफाच्या दोन थापांत बसणारे:

दोर टाकी, गाठ मारी,
हात धरी, वर ओढी,
म्हातारी खांद्यावर घेई,
पोर काहिलीत सोडी, जी जी रं जी!

ही रूपे पहिल्या चौकातच उधळू नका. तिथेच 'धरी, ओढी' सुरू केले तर पुढे वेग वाढवायला काही उरत नाही आणि झीलकऱ्यांना नुसता आवाज चढवावा लागतो. म्हणून बघताना निबंध वाचल्यासारखे नको, डफ घेऊन म्हणा. चाल न बदलता दुसरा चौक पहिल्यापेक्षा आपोआप घाईचा झाला तर शब्द बरोबर बसले. ती घाई मुद्दाम आणावी लागली तर ओळीत कुठेतरी 'कार्य केले', 'मदत केली' असे लटकलेले सापडेल. तिथे धावला, शिरला, झेपावला यांपैकी काहीतरी घाला.

शेवटी मात्र 'वाचवले'सुद्धा नको. काम झाले आहे, आता मोजणी:

एक वाचला, दोन वाचले, वाचली आळी सारी!

इथे ज्याने मरण चुकवले तो शेजारीच कर्ता झाला. 'अहिं वञ्चयति'तला साप पुढे निघून गेला, नदीच्या रूपाने.

लढाईबद्दल विचारणाऱ्या तुमच्या मित्राला सांगा की अफजलखानाच्या वधावर 1659 साली अज्ञानदासाने पोवाडा रचला, त्याच्या आधीपासून संत देवाचे 'पवाडे' गात होते, आणि त्या पवाड्यांत देव भक्तांना संकटातून काढतो. गजेंद्राला तर पाण्यातूनच काढले होते.