(√२)^x = १/१६ : उत्तर −२ नव्हे, −८

*प्रश्न: मुलगी फोंड्याला अकरावीत आहे. (√२)^x = १/१६ ह्या गणिताचं तिचं उत्तर x = −२ येतं, पुस्तकात −८ दिलंय. पायऱ्या बघितल्या तर बरोबरच वाटतात. नेमकं कुठे चुकतंय? आणि खालचा आकडाच १/√३ असा उलटा असला तर काय करायचं?*

ताई, पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे. मुलीची चूक बहुतेक शेवटच्या ओळीत आहे, म्हणूनच वरच्या पायऱ्या तुम्हाला बरोबर वाटल्या.

डावीकडचा पाया √२, उजवीकडे १/१६. वर्गात ह्याला बेस आणि पॉवर म्हणत असतील, मी पाया आणि घातांक म्हणतो. दोन्ही बाजू एकाच पायावर आल्याशिवाय घातांकांची तुलना करता येत नाही. इथे तो पाया २. वर्गमूळ म्हणजे घातांक १/२, म्हणून √२ = २^(१/२). १६ म्हणजे २^४ आणि तो छेदात आहे, म्हणून १/१६ = २^(−४). घाताचा घात घेताना घातांकांचा गुणाकार होतो. म्हणून:

```
(√२)^x       = १/१६
(२^(१/२))^x  = २^(−४)
२^(x/२)      = २^(−४)
x/२          = −४
x            = −८
```

x/२ = −४ इथपर्यंत मुलगी नीट आली असणार. पुढे x मोकळा करायला दोन्ही बाजूंना २ ने गुणायचं असतं, तिथे तिने −४ ला २ ने भागलं. √२ दिसला की "अर्धं करायचं" हे मनात इतकं पक्कं बसलेलं असतं की तेच अर्धं दुसऱ्यांदा केलं जातं. ते अर्धं √२ चा २^(१/२) करताना एकदा होऊन गेलेलं आहे.

उत्तर तपासायला अर्धा मिनिट पुरतो. √२ चा वर्ग २, चौथा घात ४, सहावा ८, आठवा १६. म्हणजे १६ पर्यंत पोचायला √२ आठ वेळा लागतो, आणि १६ छेदात आहे म्हणून −८. तिचं −२ घालून बघा, १/२ येईल. पायऱ्या पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा उत्तर मूळ समीकरणात घालून बघायला तिला सांगा, कारण वाचताना नजर चुकीवरून तशीच पुढे सरकते.

√२ हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर झेरॉक्सचा कागद घ्या. ए० कागदाचं क्षेत्रफळ १ चौरस मीटर असतं. तो मधोमध कापला की ए१, तो कापला की ए२, असं पुढे. प्रत्येक वेळी क्षेत्रफळ निम्मं होतं, पण आकाराचं प्रमाण तेच राहतं, म्हणून लांबी मात्र √२ ने भागली जाते. ए३ चं ए४ करताना झेरॉक्स मशिनवर ७१% दिसतं ते हेच: १/√२ म्हणजे सुमारे ०.७१. आता आपलं समीकरण ह्या कागदावर वाचा. क्षेत्रफळ १/१६ व्हायला चार पायऱ्या लागतात, आणि तो होतो आपला रोजचा ए४. पण लांबी १/१६ व्हायला आठ पायऱ्या लागतात, म्हणजे ए८. ए० ची उंची ११८९ मिमी, ए८ ची ७४ मिमी. ११८९ ला १६ ने भागा, ७४ च्या जरा वर येतं, कारण मापं पूर्ण मिलिमीटरमध्ये घेतलेली असतात. दोनच पायऱ्या गेलात तर ए२ हातात येतो, त्याची उंची ५९४ मिमी, म्हणजे ए० च्या निम्मी. मुलीचं −२ म्हणजे हा ए२.

ह्या प्रकारच्या गणितांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ऋण घातांक आणि अपूर्णांक घातांक ह्यांचा. १/१६ दिसलं की काही मुलं २^(१/४) लिहून मोकळी होतात, कारण "चार" आणि "एक भागिले" दोन्ही डोक्यात असतात. पण छेदात गेलेल्या आकड्याला उणे चिन्ह लागतं, मुळात गेलेल्याला अपूर्णांक. २^(−४) म्हणजे ०.०६२५, आणि २^(१/४) म्हणजे सुमारे १.१८९. हा दुसरा आकडा ओळखीचा वाटला का? ए० ची ११८९ मिमी उंची मीटरमध्ये मोजली तर ती हीच, २ चं चौथं मूळ. उजवी बाजू १ पेक्षा लहान असताना मुलीने २ चा धन घातांक लिहिला असेल तर तिथेच थांबायला सांगा, कारण २ चा कुठलाही धन घात १ पेक्षा मोठाच येतो.

आता उलटा पाया. १/√३ मध्ये दोन्ही गोष्टी एकदम आहेत: मूळ आहे म्हणून १/२, छेदात आहे म्हणून उणे. १/√३ = ३^(−१/२). घातांकात बेरीज असलेलं उदाहरण घेऊ, कारण चूक तिथेच होते:

```
(१/√३)^(x+१)  = ९·∛३
३^(−(x+१)/२)  = ३^(२ + १/३) = ३^(७/३)
−(x+१)/२      = ७/३
x + १         = −१४/३
x             = −१७/३
```

दुसऱ्या ओळीतला कंस सोडू नका. −१/२ ने पूर्ण x+१ ला गुणायचंय. कंस न घालता −x/२ + १ लिहिलं की उत्तर −८/३ येतं, आणि ते दिसायला इतकं साधं असतं की शंकाही येत नाही. उजवीकडे ९ आणि ∛३ ह्यांचा गुणाकार आहे म्हणून घातांकांची बेरीज झाली. तिथे २ × १/३ करणारीही मुलं असतात.

आणखी एक सवय इथे आड येते. छेदात मूळ दिसलं की १/√३ चं √३/३ करायचं, असं नववीपासून हाताला वळण लागलेलं असतं. ते चूक नाही, पण इथे करू नये. एकाच घातात मावणारा पाया त्यामुळे दोन तुकड्यांत विभागला जातो आणि ते पुन्हा जुळवत बसावं लागतं.

हे सगळं चालतं ते दोन्ही बाजू एकाच आकड्याचे घात असतात म्हणून. १/१६ च्या जागी १/१२ असता तर १२ हा २ चा पूर्ण घात नाही, मग लॉगरिदमच घ्यावा लागतो आणि x सुमारे −७.१७ येतो. तोही ताडून बघता येतो: (√२)^(−६) = १/८ आणि (√२)^(−८) = १/१६, १/१२ ह्या दोघांच्या मधे, म्हणून x सुद्धा −६ आणि −८ च्या मधेच हवा.