पाकिटावरचे साठ किलो आणि भिंतीतून सुटलेले टेबल

प्रश्न : वडोदऱ्यात मांजलपूरला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. दिवाळीआधी एकाच दुकानातून भिंतीला लावायचे घडीचे टेबल ७,८०० रुपयांना आणि सोफा-कम-बेड २४,५०० रुपयांना घेतला. टेबलाच्या ब्रॅकेटच्या पाकिटावर साठ किलो असे छापलेले आहे. गेल्या महिन्यात सासूबाई टेबलाची कड धरून उठत होत्या, तेव्हा टेबल भिंतीतून सुटले आणि त्यांचे मनगट मोडले. सोफ्याची उघडणारी पट्टीही वाकली आहे. दुकानदार म्हणतो, तुमची भिंतच कच्ची, आणि बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : सासूबाईंचे मनगट लवकर भरून येवो. तोवर एक काम आजच करा. भिंतीतील भोके बुजवू नका, सुटलेले स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या गिट्ट्या एका डबीत ठेवा, आणि भोकांशेजारी मोजपट्टी धरून जवळून छायाचित्रे काढा. या प्रकरणाचा निकाल बहुधा त्या भोकांवरच लागेल, कारण नेमके काय निकामी झाले यावरून जबाबदारी कोणाची हे ठरते.

ब्रॅकेटची लोखंडी पट्टी वाकली असेल किंवा बिजागरीची पिन तुटली असेल, तर दोष मालातच आहे आणि बोट उत्पादकाकडे वळते. ब्रॅकेट जसेच्या तसे शाबूत असून फळीतले स्क्रू भुशासकट उपटून आले असतील, तर फळी हलक्या प्रतीची आहे किंवा स्क्रू आखूड वापरले आहेत. आपण लिहिता त्यावरून मात्र टेबल भिंतीतून सुटले, म्हणजे गिट्ट्या बाहेर आल्या. एक गिट्टी हातात घेऊन तिच्या टोकाला चिकटलेली पूड पाहा. घराची भिंत विटांची असून टोकालाही लाल पूड नसेल, नुसती राखाडी असेल, तर ती गिट्टी विटेपर्यंत पोहोचलीच नव्हती आणि सारा भार गिलाव्याने पेलला होता. आतल्या भिंतीचा गिलावा साधारण १२ ते १५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात ३० मिलिमीटरची गिट्टी बसवली, तर तिची निम्मी पकड अशा थरात जाते, ज्याचा भार पेलण्याशी काही संबंध नाही.

दुकानदार ग्राहक आयोगासमोर म्हणेल की साठ किलोच्या ब्रॅकेटवर सासूबाईंनी त्याहून जास्त भार टाकला असेल. त्याचे उत्तर आपल्याला थोड्या गणितात देता येते. टेबल भिंतीपासून ४५ सेंटिमीटर बाहेर येते आणि ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या स्क्रूंमध्ये १५ सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. आपण घरी दोन्ही मोजून घ्या. उठताना कडेवर २५ किलोचा भार पडला, तर वरच्या स्क्रूंना बाहेर खेचणारी ओढ २५ गुणिले ४५ भागिले १५, म्हणजे सुमारे ७५ किलो होते. दोन ब्रॅकेटमध्ये वाटली तरी प्रत्येकी सदतीस-अडतीस. त्यात टेबलाच्या स्वतःच्या वजनाची ओढ वेगळी. म्हणजे टेबलावरचा भार साठच्या निम्म्याहूनही कमी असताना भिंतीतल्या वरच्या गिट्ट्यांवर त्या भाराहून अधिक ताण आलेला असतो. पाकिटावरचा आकडा ब्रॅकेटच्या लोखंडी हाताचा आहे, आणि तोही बहुधा जोडीचा असून भार सारखा पसरलेला आहे असे धरून दिलेला असतो. भिंतीत काय बसवावे, याबद्दल त्याच पाकिटावर काही छापले आहे का, ते पाहा. काहीच नसेल तर तो मुद्दा आपल्या बाजूचा आहे, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दलचा इशारा न देणे हेही उत्पादकाला जबाबदार धरण्याचे कारण आहे.

आता दुकानदाराकडे येऊ. टेबल बसवायला माणूस दुकानाने पाठवला होता का, आणि बिलात फिटिंगचा उल्लेख आहे का, हे माझ्या मते आपल्या प्रकरणातील सर्वांत मोलाचे दोन प्रश्न आहेत. कलम ८६ प्रमाणे विक्रेता स्वतः उत्पादक नसला, तरी माल जोडताना किंवा तपासताना त्याने वाजवी काळजी घेतली नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर तो जबाबदार ठरतो. तसेच उत्पादकाचा पत्ता लागत नसेल, तरीही विक्रेत्यालाच उभे राहावे लागते. ‘भिंत कच्ची’ हे उत्तर त्याच्याच अंगावर उलटते, कारण भिंत मऊ आहे हे ड्रिल मारणाऱ्याला पहिल्याच भोकाला हाताला कळते. त्याने तिथेच थांबून लांब फास्टनर लावायला हवे होते किंवा हे टेबल या भिंतीला चालणार नाही असे सांगायला हवे होते. सुतार आपण स्वतः बोलावला असेल, तर मात्र दुकानदाराविरुद्धची ही बाजू बरीच लंगडी पडते, हे मी स्पष्टपणे सांगतो.

दुसरा बचाव गैरवापराचा असेल. कलम ८७ प्रमाणे इजा होताना वस्तूचा गैरवापर किंवा तीत फेरफार झाला असल्यास विक्रेत्यावर असा दावा टिकत नाही. टेबलावर चढून कोणी पंखा पुसला असता, तर मी आपल्याला ही आशा दाखवली नसती. पण टेबलाची कड धरून उठणे ही घरात रोज होणारी गोष्ट आहे, आणि ज्याने टेबल विकले त्याला ती अपेक्षित असलीच पाहिजे, असा युक्तिवाद मी मनापासून करीन. नंतर आपण ब्रॅकेट बदलले किंवा टेबल दुसऱ्या जागी हलवले असेल, तर ते लपवू नका.

सोफ्याचा मुद्दा वेगळा आहे, आणि इथे बहुतेक तक्रारदारांचा गोंधळ होतो. उत्पादन-दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईच्या, प्रकरणातील ‘हानी’मध्ये त्या वस्तूचे स्वतःचे नुकसान येत नाही. मनगटाचा खर्च आणि त्या दुखापतीसोबत आलेला मनस्ताप तिथे मागता येतो, पण वाकलेल्या पट्टीची भरपाई तिथे मागता येत नाही. सोफ्यासाठी सदोष मालाची साधी मागणी करा : दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत. पट्टी एकाच बाजूची वाकली असेल, तर उघडताना एका बाजूने ओढली गेली असे दुकानदार म्हणेल. म्हणून दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि वजनमर्यादेची चिठ्ठी जोडा. बिलावरच्या त्या छापील ओळीला घाबरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसल्यास तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे ही कायद्याच्या व्याख्येत अनुचित व्यापारी प्रथा आहे. तीस दिवस उलटले असतील, तरी सदोष मालाची तक्रार उरतेच.

आधी दुकानदाराला स्पीड पोस्टने नोटीस पाठवा. उत्पादकाचे नाव पाकिटावर असेल, तर त्यालाही पाठवा आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्या. मग वडोदरा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. आपण तिथे राहता, म्हणून दुकान कुठलेही असले तरी ती तिथे चालते. दोन्ही वस्तूंची किंमत पाच लाखांच्या आत आहे, त्यामुळे शुल्क नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. तक्रारीवर सासूबाईंचीही सही घ्या, कारण खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहकच आहे, आणि इजा त्यांना झाली आहे. रुग्णालयाच्या कागदांत मनगट कशामुळे मोडले ते लिहिले आहे का, हेही आजच पाहा. तिथे नुसते ‘घरात पडून’ असे असेल, तर टेबल सुटून पडल्याचा उल्लेख असलेले पत्र डॉक्टरांकडून आताच घ्या.