किक सेन्सर बंद केला तरी डिकी पाइपला का लागते?

प्रश्न: आमच्या अपार्टमेंटचं बेसमेंट बुटकं आहे. बंपरखाली लाथेसारखं पाऊल हलवलं की उघडणारी, किक सेन्सरची डिकी नको तेव्हा उघडते आणि वर पाइपला आपटते. सेन्सर कायमचा बंदच करून टाकू का? डिकी जिथवर उघडते ती उंची कमी करता येते म्हणतात, ती कशी करायची? आणि तशी ठेवली तर रोजचा त्रास होईल का?

उत्तर: सेन्सर बंद करायला माझी हरकत नाही, पण तेवढ्याने डिकी वाचेल असं कुणी सांगितलं असेल तर त्याने काम अर्धं सोडलंय. बेळगावात मी गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. सर्व्हिसवाले सेटिंगमध्ये किक बंद करून, 'झालं साहेब' म्हणत किल्ली हातात देतात. पंधरा दिवसांनी तीच गाडी डिकीच्या कडेला रंग उडवून उद्यमबागेत माझ्याकडे येते.

टिळकवाडीतल्या एका अपार्टमेंटची गाडी सांगतो, कारण तिच्यात सगळं आलं. नवरा-बायको लग्नाची खरेदी करून खडे बाजारातून आले, सामान काढलं, डिकी बंद केली आणि लिफ्टपाशी गेले. मागे डिकी आपोआप वर गेली आणि आगीच्या पाइपच्या क्लॅम्पला आपटली. मालकाचं म्हणणं एकच, 'अहो, मी गाडीच्या मागे नव्हतोच, लाथ कुठून मारणार?' आणि किक तर सर्व्हिसवाल्यांनी आधीच बंद करून दिली होती.

अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारायचा: किल्ली कुठे होती? किक चालायला किल्ली मागच्या बंपरजवळ, साधारण मीटरभरात, असावी लागते. किल्ली लिफ्टपाशी असताना डिकी उघडली तर ती लाथेने उघडलेली नाही. तिथे बटणच दाबलं गेलंय. या बाईंच्या पर्समध्ये दुसरी किल्ली होती आणि वर स्टीलचा डबा. डिकीचं बटण एक-दोन सेकंद दाबून धरलं की झालं, डबा ते काम बिनबोभाट करतो. रिमोटची पोच किकपेक्षा कितीतरी लांब असते. म्हणून किक बंद करणं म्हणजे एक दार लावून दुसरं सताड उघडं ठेवणं. उंचीची मर्यादा मात्र किक, किल्लीचं बटण, ड्रायव्हरजवळचं बटण, सगळ्यांना लागू होते. मोटर जिथवर नेईल तिथवरच डिकी जाणार, हुकूम कुणाचाही असो.

उंची ठेवताना लोक बंपरच्या बरोबर वर बघतात आणि म्हणतात, जागा भरपूर आहे. डिकी काही सरळ वर जात नाही. बिजागरी छतावर, आणि खालची कड मोठा अर्धगोल काढत आधी मागे येते, मग वर जाते. टिळकवाडीच्या गाडीत बिजागरी जमिनीपासून १६८ सेंमीवर आणि बिजागरीपासून खालच्या कडेपर्यंत डिकी ११२ सेंमी. डिकी आडवी झाली की कड १६८ वर येते. पूर्ण उघडली की ती आडव्यापेक्षा साधारण २० अंश वर जाते आणि कड २०६ सेंमीवर पोचते. ती कड त्या वेळी बंपरच्या मागे ५०-६० सेंमी असते. पाइपचा क्लॅम्प नेमका तिथेच, जमिनीपासून १९८ वर. बेसमेंटच्या तोंडावर २.१ मीटरचा बोर्ड लावलेला, तो खोटा नाही, पण तो दाराचा आहे. आत पाइप, क्लॅम्प, स्प्रिंकलरची टोकं काय उंचीला लटकतात ते त्या बोर्डाला ठाऊक नसतं. म्हणून टेप घेऊन स्वतःच्या जागेवर, बंपरच्या मागे ५०-६० सेंमीवर उभं राहून, सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूपर्यंत मोजायचं.

१९८ मधून मी १० सेंमी सोडतो आणि १८८ धरतो. दहा का, तर डिकीतलं जड सामान काढलं की मागची स्प्रिंग सुटून गाडी दोन-तीन सेंमी वर येते, थांबताना डिकी जराशी हलते, आणि फरशी सगळीकडे सपाट नसते. उतारावर गाडीचं नाक खाली असेल तर शेपूट आणखी उचललेलं असतं. गाडीला वरच्या पाइपचा पत्ता नसतो. ती मोटरच्या फेऱ्या मोजून बिजागरीचा कोन धरते, बस्स. म्हणून सपाट जागी बसवलेली उंची उताराच्या जागेवर पुन्हा टेपने तपासा.

आता पायऱ्या. गाडी बेसमेंटमधून बाहेर, उघड्यावर सपाट जागी काढा. गिअर पी मध्ये, हँडब्रेक ओढलेला. डिकी बटणाने उघडा आणि साधारण हव्या उंचीला आली की बटण परत एकदा दाबून थांबवा. मग हाताने हलकेच वरखाली करत खालची कड टेपच्या १८८ च्या खुणेवर आणा. डिकीच्या आतल्या कडेला बंद करायचं जे बटण असतं ते साधारण तीन सेकंद दाबून धरा. बीप येते, काही गाड्यांत इंडिकेटर चमकतात, मगच सोडा. नुसतं टिचकीसारखं दाबलं तर डिकी बंद व्हायला लागते आणि लोक म्हणतात सेटिंग धरत नाही. बीपनंतर डिकी बंद करा, किल्लीने पुन्हा उघडा, कड टेपवर कुठे थांबते ते बघा. इकडचातिकडचा सेंमी-दोन सेंमी फरक चालतो. ह्युंदाई-कियाच्या काही गाड्यांत स्क्रीनवरही उंचीचे टप्पे असतात. तिथे `User Height Setting` निवडलेलं नसेल तर बटणाने ठेवलेली उंची लागू होत नाही, हे तपासायला विसरू नका.

रोजचा त्रास विचारता, तर हिशोब बघा. २०६ वरून १८८ म्हणजे १८ सेंमीच कमी, कोनात दहाएक अंश. मध्यम उंचीच्या माणसाला काही जाणवत नाही, सहा फुटी माणसाने जरा मान सांभाळावी. मोकळ्या जागी पूर्ण उघडी हवी असेल तर बहुतेक गाड्यांत थांबलेली डिकी हाताने वर ढकलता येते.

'आपटलं तर आपोआप थांबते ना?' असंही लोक विचारतात. थांबते, पण आपटल्यावर. अडथळा मोटरवर ताण आला की कळतो, पाइप जवळ आलाय हे दुरून दिसत नाही. तोवर रंग गेलेला असतो. वारंवार आपटली की डिकी आणि मागच्या दिव्यामधली फट दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही. तशी झाली असेल तर आधी बिजागरी बघून घ्या, सेटिंग नंतर.

उंचीची मर्यादा एका ठिकाणी उपयोगाला येत नाही: गाडी रिव्हर्स घेऊन भिंतीला चिकटवता तिथे. कड आधी मागे येते, मग वर जाते, हे सांगितलंच. बंपरपासून भिंत ४० सेंमीवर असेल तर डिकी वर जायच्या आधीच भिंतीला लागणार, उंची कितीही कमी ठेवा. तिथे गाडी नाक पुढे करून लावा, नाहीतर पाऊण मीटर जागा सोडा.

किकबद्दल दोन शब्द, कारण चूक तिथेही असते, फक्त सगळी तिची नसते. लाथेचं म्हणाल तर बंपरच्या आत दोन पट्ट्या असतात. खालची पाऊल ओळखते, वरची नडगी, आणि दोघींना थोड्या वेळात, ठराविक क्रमाने काहीतरी दिसलं पाहिजे. म्हणून मांजर खालून गेलं तर सहसा काही होत नाही. पण पाइपने बंपरवर पाणी मारलं की दोन्ही पट्ट्यांना एकदम काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. गाडी धुणारा पोरगा पाणी मारतोय आणि मालक खिशात किल्ली ठेवून शेजारी उभा, हे डिकी उघडायचं सगळ्यात सोपं साधन. धुताना किल्ली घरात ठेवा, किंवा तेवढ्यापुरती किक बंद करा. किल्ली अडकवायचा खिळा गाडीच्या मागच्या भिंतीलाच असेल तर तोही हलवा, मीटर-दोन मीटर लांब. काही गाड्यांत लाथ लागतच नाही, किल्ली घेऊन मागे तीनेक सेकंद थांबलं की इंडिकेटर चमकून, बीप देऊन डिकी उघडते. त्यांच्या मालकांनी डिकीपाशी उभं राहून शेजाऱ्यांशी गप्पा मारू नयेत.

किल्लीच्या बटणासाठी मी उभ्या कडांचं कडक कव्हर सांगतो, मऊ रबराचं नको. रबराच्या कव्हरावरून डबा, नारळ काहीही बटण दाबू शकतं. आणि जी किल्ली वापरात नाही ती पर्समध्ये बाळगायची गरज काय, घरी ठेवा की. टिळकवाडीच्या गाडीचं काम शेवटी एवढंच होतं: उंची १८८, दुसरी किल्ली कपाटात, आणि किक मी स्वतः परत चालू करून दिली. सर्व्हिसवाल्यांनी बंद केलेली गोष्ट मी चालू केली म्हणून त्यांचा एक माणूस माझ्यावर अजून नाराज आहे. असेना. दोन्ही हातांत तांदळाचं पोतं असताना किकच उपयोगी पडते, आणि गाडी घेताना मालकाने पैसे तिचेच मोजलेत.

राहिलेल्या दोन गोष्टी. बॅटरीची वायर काढली की काही गाड्या डिकीची स्थिती विसरतात आणि बटणाला दाद देत नाहीत. डिकी हाताने पूर्ण बंद केल्यावर बहुतेकदा ती परत कामाला लागते, पण उंची पुन्हा टेप लावून तपासा. आणि बाहेरून स्टीलचं मागचं गार्ड बसवलं असेल तर किक कधी चालते कधी नाही, कधी आपणहून उघडते. तो सेन्सरचा दोष नाही. सेन्सर बदलायचं कोटेशन घेण्याआधी गार्ड काढून बघा.