रूम आयडी आला आणि गेम पहिल्यापासून सुरू झाला

प्रश्न: डेव्हलपर ऑप्शनमध्ये अ‍ॅनिमेशन स्केल आणि बॅकग्राउंड प्रोसेस लिमिट बदललं तर गेम लॅग कमी होतो का? यातलं काय बदलणं सेफ आहे?

अ‍ॅनिमेशन खुशाल 0.5x करा, प्रोसेस लिमिटला हात लावू नका. बाकीचं सांगतो, कारण या विषयावर माझं आणि माझ्या मामेभावाचं दोन वर्षं झाली तरी मिटलेलं नाही.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. गणपतीत आमच्या वाड्यातली पोरं बीजीएमआयची छोटी टुर्नामेंट ठेवतात, 50 रुपये एंट्री, जिंकणाऱ्या टीमला सगळ्यांकडून शेव-उसळ. माझा फोन तेव्हा 4 जीबी रॅमचा, दोन मॅच झाल्या की अडकायला लागायचा. मामेभाऊ पुण्याहून आलेला, आयटीत आहे, म्हणजे विषयच संपला. म्हणाला दे इकडे, पाच मिनिटांत पळवतो. मी प्रसादाची ताटं लावत होतो, दिला.

त्याने काय काय केलं ते मला नंतर एकेक शोधून कळलं. तिन्ही अ‍ॅनिमेशन बंद. Background process limit ला No background processes. त्याच्याच आसपास एक Don't keep activities असतं, ते चालू. Force 4x MSAA पण चालू, कारण "ग्राफिक भारी दिसतं". आणि वर Show refresh rate लावून कोपऱ्यातला आकडा मला दाखवतो, बघ 60 येतायत! अरे बाबा तो स्क्रीनचा आकडा आहे, स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते तो, गेम किती फ्रेम काढतोय ते नाही. गेम 25 वर रडत असला तरी तिथे 60 दिसू शकतं. पण त्या वेळी मलाही कुठे माहीत होतं, मीपण खूश.

नऊला मॅच. कस्टम रूमचा आयडी-पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येतो हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. मी लॉबीत बसलेलो, मेसेज आला, व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, आयडी कॉपी केला, परत गेममध्ये आलो तर पहिल्यापासून लोगो. लोड झाला, आयडी टाकला, पासवर्ड आठवेना, परत व्हॉट्सअ‍ॅप, परत लोगो. तिसऱ्यांदा पासवर्ड हातावर पेनने लिहून घेतला पण तोवर रूम सुरू झालेली. आमच्या टीमचे तिघंच खेळले आणि अर्थातच हरले. शेव-उसळ दुसऱ्यांनी खाल्ली आणि भाऊ काय म्हणतो, "तुझा फोनच रद्दी आहे."

दुसऱ्या दिवशी फोन बंद करून चालू केला. लोगोचा त्रास तसाच. आत जाऊन बघतो तर प्रोसेस लिमिट आपोआप Standard limit वर आलेलं, पण Don't keep activities चालूच. हे लक्षात ठेवा, लिमिट रिस्टार्टला उडतं, दुसरं उडत नाही, म्हणून माणूस गोंधळतो. मग एकेक चालू-बंद करून बघितलं. नुसतं Don't keep activities चालू असलं तरी गेममधून बाहेर पाय टाकला की स्क्रीन फेकून दिली जाते, परत आलात की नवा डाव. ते अ‍ॅप बनवणाऱ्यांना तपासणीसाठी दिलेलं आहे, खेळणाऱ्यांसाठी नाहीच. आणि नुसतं लिमिट शून्य असेल तर गंमत बघा, गेममधून व्हॉट्सअ‍ॅप आणि सरळ परत, तर गेम टिकायचा, कारण अँड्रॉइड सगळ्यात शेवटी वापरलेलं अ‍ॅप जरा सांभाळून ठेवतं. पण व्हॉट्सअ‍ॅपमधली लिंक दाबून ब्राउझरमध्ये गेलो आणि मग परत आलो की गेम मेलेला. दोन्ही चालू असली तर कुठूनच वाचत नाही, माझं नेमकं तेच झालं होतं.

आता भाऊ म्हणतो की पण रॅम तर मोकळी होते ना. होते. पण मागे पडलेली अ‍ॅप बहुतेक वेळ झोपलेलीच असतात, नव्या अँड्रॉइडवर तर गोठवूनच ठेवतात, ती रॅम अडवतात पण प्रोसेसर खात नाहीत. गेमला रॅम कमी पडली तर सिस्टिम त्यांना स्वतःच काढते. तुम्ही सगळी मारून टाकलीत तर मेसेज आला की व्हॉट्सअ‍ॅप मुळापासून उठणार, मग परत मरणार, पुढच्या मेसेजला परत उठणार, आणि हे सगळं तुमची मॅच चालू असताना. म्हणजे पाहुणे येऊ नयेत म्हणून दर तासाला घर आवरायचं.

अ‍ॅनिमेशनचं वेगळं आहे. Window, Transition आणि Animator ही तिन्ही फोनच्या स्वतःच्या हालचालींची, म्हणजे अ‍ॅप उघडताना सरकणं वगैरे. गेम स्वतःचं चित्र स्वतः काढतो, त्याला या स्केलचं देणंघेणं नाही, एक फ्रेमही वाढणार नाही. फोन हातात चपळ वाटतो एवढंच, आणि ते मलाही आवडतं, माझं 0.5x वरच असतं. पूर्ण बंद नका करू, काही अ‍ॅपमधलं लोडिंगचं गोल चक्र फिरतच नाही आणि आपल्याला वाटतं हँग झालं.

4x MSAA मुळे कडा गुळगुळीत होतात पण जीपीयूला जास्त काम. त्या ऑप्शनच्या खालीच लिहिलेलं असतं की हे OpenGL ES 2.0 च्या अ‍ॅपसाठी, म्हणजे नव्या गेमला बऱ्याचदा लागूच होत नाही आणि जुन्याला लागू झालं तर फोन तापणार. Disable HW overlays पण तसंच, नाव ऐकून वाटतं ओझं कमी होईल, उलट ते जीपीयूवर येतं.

माझा फोन अडकायचा त्याचं खरं कारण उष्णता निघालं. ओळखायची खूण सोपी आहे. पहिली दहा-पंधरा मिनिटं मस्त आणि मग हळूहळू रडगाणं, तर फोन तापून स्वतःचा वेग कमी करतोय. पहिल्या मिनिटापासूनच अडकत असेल तर ग्राफिक सेटिंग झेपत नाहीये. चित्र गुळगुळीत पण माणसं उड्या मारत इकडून तिकडे, तर नेट. मी जाड कव्हर काढलं, चार्जिंगला लावून खेळणं बंद केलं, ग्राफिक Smooth वर आणलं आणि फ्रेम रेट 60 वरून 40 केला. फोनच्या गेम मोडमधला फ्रेमचा आकडा आधी 55 वरून 28 पर्यंत घसरायचा, आता 40 ला धरून बसतो. 28 चे झटके खाण्यापेक्षा सलग 40 केव्हाही बरं.

हां, एक राहिलंच. डेव्हलपर ऑप्शन नुसतं चालू असलं तरी काही बँकांची अ‍ॅप उघडायला नकार देतात, त्यामुळे एक दिवस पेमेंट अडलं तर घाबरू नका, वरचं मोठं बटण बंद करा. त्याने बाकीचे बदलही बरेचसे मूळ जागी जातात, 0.5x परत लावावं लागेल. USB debugging गेमसाठी कशालाच लागत नाही, चालू असेल तर बंद करा. आणि तुमच्या कंपनीच्या फोनमध्ये नावं थोडी इकडेतिकडे असतील.

भावाला हे सगळं स्क्रीनशॉटसकट पाठवलं होतं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. या गणपतीत येतोय म्हणे. फोन त्याच्या हातात देणार नाही.