बाबांनी फॉरवर्ड केलेल्या जोकमधलं ‘BC’ त्यांना कसं समजावायचं?

प्रश्न: माझ्या वडिलांनी (वय 74) नातेवाइकांच्या ग्रुपवर एक जोक फॉरवर्ड केलाय. त्यात ‘BC’ शिवी म्हणून आहे, पण त्यांना ते कळलेलं नाही. त्यांनी आयुष्यात कधी शिवी दिलेली नाही. त्यांना वाईट न वाटता हे मेसेजमधून कसं सांगू?

उत्तर:

माझ्या घरी हे झालंय, आणि माझा पहिला मेसेज चुकला होता. मी घाईघाईत लिहिलं, “बाबा, तो जोक लगेच डिलीट करा, घाण आहे.” त्यांना वाटलं, मुलगा आपल्याला घाणेरडं म्हणतोय. त्यांनी जोक पुन्हा वाचला, काहीच सापडलं नाही, आणि मग सरळ ग्रुपवरच विचारलं, “यात घाण काय आहे? कोणी सांगेल का?” ज्यांचं लक्ष गेलं नव्हतं त्यांनीही मग तो जोक नीट वाचला. म्हणून सांगतो, नुसतं ‘घाण आहे’ म्हणू नका. कुठे आहे आणि का आहे ते पहिल्याच मेसेजमध्ये लिहा.

आमचा जोक असा होता. मास्तर विचारतात, “हा राजा कधी मेला?” बंड्या म्हणतो, “300 BC.” मास्तर विचारतात, “आणि त्याचा बाप?” बंड्या म्हणतो, “तोही BC.”

बाबांच्या डोळ्यांनी वाचलं तर हा साधा शाळेतला जोक आहे. पोराला सन आठवत नाही, म्हणून तो ‘तोही इसवी सनापूर्वीचाच’ म्हणून वेळ मारून नेतो. उत्तर चूकही नाही, बाप आधीच मेला असणार! त्यांनी लावलेला अर्थ पूर्ण बसतो, म्हणून शंका यायला जागाच उरत नाही. जोक पुढे पाठवणाऱ्या ज्येष्ठांपैकी कितीतरी जण याच अर्थावर हसत असतील. तुमच्या जोकमध्येही असा एक निरुपद्रवी अर्थ लागतोय का, ते आधी बघा. लागत असेल तर मेसेजची सुरुवात त्याच अर्थापासून करा.

मी नंतर लिहिलेला मेसेज हा:

> बाबा, मघाच्या जोकबद्दल लिहितोय. BC म्हणजे इसवी सनापूर्वी, हा तुम्ही घेतलेला अर्थ बरोबर आहे. पण हल्लीची मुलं हीच दोन अक्षरं एका हिंदी शिवीसाठीही लिहितात, बहिणीवरून देतात ती. शेवटच्या ओळीत ‘तोही BC’ आहे, तिथे दोन्ही अर्थ लागतात आणि हसू दुसऱ्या अर्थावर आहे. हे लघुरूप मुलांच्या चॅटमधलं आहे, तुमच्या वाचनात यायचं काही कारणच नव्हतं. ग्रुपवर काही लिहू नका. मी दहा मिनिटांत फोन करतो, दोघं मिळून काढून टाकू.

यात शिवी पूर्ण लिहिलेली नाही आणि तिचा अर्थही सांगितलेला नाही. त्यांच्या वयाच्या माणसाने ती शिवी रस्त्यावर हजार वेळा ऐकलेली असते. माहीत नसतं ते एवढंच, की तिची आद्याक्षरं लिहायची पद्धत पडलीये. तेवढा दुवा जोडून दिला की बाकी त्यांचं त्यांना कळतं, आणि बापलेकांमध्ये तो शब्द उच्चारावाही लागत नाही. मेसेज अर्थातच त्यांना एकट्यालाच पाठवायचा.

फोनवर त्यांनी विचारलं, “पण मग शिवी घातलीच कशाला? तिच्याशिवाय जोक झाला नसता का?” याचं उत्तर त्यांना स्वतःलाच काढू द्या. मी म्हटलं, “बाबा, BC च्या जागी ‘इसवी सनापूर्वी’ ठेवून वाचा.” त्यांनी वाचलं, “आणि त्याचा बाप? तोही इसवी सनापूर्वी.” क्षणभर थांबून म्हणाले, “यात हसण्यासारखं फारसं काही राहिलं नाही.” बस, तेच उत्तर आहे. काही जोकमध्ये शिवी चवीपुरती असते, ती काढली तरी जोक उभा राहतो. इथे सगळा जोक त्या दोन अक्षरांवर टेकलाय, म्हणून ती बदलून स्वच्छ जोक पुन्हा पाठवू म्हटलं तर जमत नाही. तो काढावाच लागतो.

त्यांची पुढची शंकाही रास्त होती: आता BC दिसलं की दर वेळी शिवीच समजायची का? तसं नाही. जागा बघायची. आकड्यानंतर आलं तर सन. इंग्रजी चॅटमध्ये दोन वाक्यांच्या मधोमध आलं आणि तिथे ‘कारण’ घालून वाक्य जुळलं, तर ते ‘बिकॉज’चं लघुरूप. पण वाक्याच्या सुरुवातीला किंवा शेवटी लोंबकळत असेल, आणि काढून टाकलं तरी वाक्याचं काही बिघडत नसेल, तर ती शिवी. मुलं ती बऱ्याचदा कोणाला उद्देशून म्हणतच नाहीत, आपण ‘च्यायला’ म्हणतो तशी पालुपदासारखी वापरतात. हेही बाबांना सांगा, नाहीतर भाच्याच्या मेसेजमध्ये BC दिसलं की त्यांना वाटायचं, पोरगं कोणाच्या तरी बहिणीला शिव्या देतंय. आमचा जोक मात्र या कसोटीलाही चकवतो. ‘तोही BC’ मधलं BC काढलं तर वाक्यच मोडतं. जोक मुद्दाम रचलेला असतो तेव्हा शब्द दोन्ही जागी बसेल असाच घेतात, तिथे आधीची बदलून वाचायची युक्तीच कामाला येते.

काढताना एका ठिकाणी जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज दाबून धरला आणि कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर टॅप केलं की `Delete for everyone` आणि `Delete for me` असे पर्याय येतात. गडबडीत दुसरा दाबला तर जोक फक्त बाबांच्या फोनवरून जातो, बाकी सगळ्यांकडे तसाच राहतो. लगेच काही सेकंद `Undo` दिसतं तेवढ्यात ते दाबलं तर ठीक. नाहीतर ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांगावं लागतं, कारण अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांकडून काढता येतो. सगळ्यांसाठी काढायची मुदत साधारण 2 दिवस 12 तास असते. म्हणून मी फोन चालू ठेवून एकेक शब्द त्यांच्याकडून वाचून घेतला आणि मगच दाबायला सांगितलं. काढल्यावर त्या जागी ‘मेसेज डिलीट केला’ अशी ओळ राहते. तीही त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल की निघालाच नाही.

काढण्याआधी बाबांनी विचारलं होतं, “आक्कानं वाचला असेल का?” ती त्यांची थोरली बहीण. मी मेसेजची माहिती उघडायला सांगितली, वाचलेल्यांत तिचं नाव होतं. मी ‘नसेल वाचला’ असं खोटं सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांनी स्वतःच तिला फोन लावला. आत्यालाही ते सनच वाटलं होतं.