बाहेर थांबलेल्यालाही खुनाची शिक्षा होते का?

प्रश्न: "तिघांचा बेत. 'अ'ने टीप दिली आणि घरीच राहिला. 'ब' रात्री सावकाराच्या घरात शिरला, 'क' बाहेर मोटारसायकल चालू ठेवून थांबला. कुणाला इजा करायची नाही असं ठरलं होतं म्हणे. म्हातारा ओरडला, 'ब'ने त्याला मारलं, तो मेला. 'अ' आणि 'क'सुद्धा खुनी ठरतात का? परीक्षेला कलम ३४ लिहायचं की अपप्रेरणा?"

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. लुटीत माणूस मेला की सगळेच आपोआप खुनी, हा नियम अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आहे. आपल्याकडे तिघांच्या लुटीला तसा नियम नाही. प्रत्येकाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

'क'पासून सुरू करू. भारतीय दंड संहितेचं जुनं कलम ३४ म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३(५): समान इराद्याने केलेल्या गुन्ह्याला प्रत्येक जण, त्याने एकट्यानेच केल्यासारखा, जबाबदार. त्यासाठी सरकार पक्षाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: समान इरादा होता, आणि जे घडलं ते तो इरादा पार पाडतानाच घडलं. 'तो तर बाहेरच होता' हा बचाव फार जुना आहे. १९२३ साली कलकत्त्याच्या शंकरीटोला पोस्टात पैसे मागत गोळीबार झाला आणि पोस्टमास्तर मेला. पळताना पिस्तुलासकट पकडला गेलेला बरेंद्रकुमार घोष म्हणाला, मी अंगणात नुसता उभा होतो. त्या काळचं शेवटचं अपील ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने खुनाची शिक्षा कायम ठेवली. ठरलेल्या कामात पहारा देणं हाही कामाचाच वाटा, असं त्या निकालाचं सार. पण तिथे सगळा बेतच पिस्तुलाच्या जोरावर होता, हे विसरून लोक हा निकाल कुठेही चिकटवतात.

म्हणून मी पहिला प्रश्न हत्याराचा विचारतो. समजा दोघं एकाच गाडीवरून आले आणि गोणपाटात गुंडाळलेला कोयता दोघांच्या मध्ये होता. मग 'इजा करायची नाही' हे कोर्टाला पटणं कठीण. घरात माणूस झोपलाय हे ठाऊक असताना कोयता कशाला नेला, याचं उत्तर 'क'कडे नसतं. आता उलट धरा. 'ब' रिकाम्या हाताने शिरला, म्हातारा जागा झाल्यावर त्याने स्वयंपाकघरातला वरवंटा उचलून डोक्यात घातला. समान इरादा ऐनवेळीही जुळू शकतो, पण बाहेर गाडीवर बसलेल्या 'क'ने तो कसा जुळवला हे पुराव्यात दिसायला हवं. दोघांच्या मनात सारखाच विचार असणं वेगळं आणि तो दोघांनी मिळून केलेला असणं वेगळं. १९४५ च्या महबूब शहा निकालाने हीच रेघ ओढली. मारहाणीनंतर दोघं एकत्र पळाले, ऐवज वाटून घेतला, यावरून लुटीतला सहभाग दिसतो. एवढ्यावरून खुनाचा इरादा सिद्ध होत नाही.

याचा अर्थ 'क' सुटला असा नाही. जबरी चोरी करताना एकाने दुखापत केली तर त्या चोरीत सामील असलेला प्रत्येक जण ३०९(६) खाली येतो, जन्मठेपेपर्यंत. इथे 'क'ला दुखापतीची कल्पना होती का, हे विचारलंच जात नाही. मात्र प्राणघातक हत्यार वापरल्याबद्दल किमान सात वर्षांचं कलम ३११ (जुनं ३९७) फक्त ते वापरणाऱ्यालाच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये फूलकुमार प्रकरणात हे सांगितलं. विद्यार्थी इथे हटकून ३(५) जोडतात आणि गुण घालवतात.

आता 'अ'. तो जागेवर नव्हता, म्हणून त्याच्यासाठी अपप्रेरणेचा, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत दिल्याचा, रस्ता जास्त सरळ (कटाचं कलम वेगळं लागेल, ते इथे सोडतो). कलम ५१ (जुनं १११) नेमकं यासाठीच आहे: सांगितलं एक, घडलं दुसरं. घडलेलं कृत्य त्या चिथावणीचा संभाव्य परिणाम असेल तर ते सांगितल्यासारखंच धरलं जातं. कायद्यातलं उदाहरणही जवळपास तुमच्याच प्रश्नाचं आहे. मध्यरात्री, लोक राहत असलेल्या घरात लुटीसाठी दोघांना पाठवलं, हत्यारं पुरवली, घरच्याने प्रतिकार केला आणि त्याचा खून झाला. खून हा संभाव्य परिणाम असेल तर पाठवणाऱ्यालाही खुनाची शिक्षा. इथे 'अ'च्या मनात काय होतं यापेक्षा त्याला काय माहीत होतं ते तपासतात. 'म्हातारा एकटाच झोपतो' असं सांगून त्यानेच कोयता दिला असेल तर तो अडकला. 'घरचे गावाला गेलेत, ही बनावट किल्ली' एवढंच असेल, तर तो चोरीच्या अपप्रेरणेपुरता उरतो.

शेवटी डोकी मोजा. तिघांऐवजी पाच जण मिळून लुटायला गेले असते, तर तो दरोडा झाला असता. जागेवर हजर राहून मदत करणारा 'क' त्या पाचांत धरला जातो; घरी बसलेला 'अ' नाही. दरोड्यात एकाने खून केला की ३१०(३) खाली पाचही जणांना फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षं सक्तमजुरी. मग वरवंटा होता की कोयता, हा वाद 'क'च्या फारसा उपयोगाचा राहत नाही.